झोपायची उंची

आमच्या उंबरमाळीला ट्रेकर उतरत नाहीत. माहुलीला जाणारे आसनगावला उतरतात आणि कळसूबाई, रतनगड करणारे पुढे कसाऱ्याला. मधल्या आमच्या स्टेशनावर गावची माणसं आणि शाळा-कॉलेजची पोरं एवढीच गर्दी. पण गेल्या काही वर्षांत गावातली पोरंच ट्रेकर झाली आहेत. माहुली तर त्यांचं अंगण. आजोबा, गोरखगड, सिद्धगड, नाणेघाट हे शहापूर-मुरबाडचे सगळे डोंगर पालथे घालून झाले की त्यांना हिमालयाचे डोहाळे लागतात. मी काही वर्षं हिमालयात जाते आहे हे गावाला ठाऊक असल्यामुळे मग मला फोन येतो.

गेल्या वर्षी जूनमध्ये माझ्या मामेभावाचा आला. भिवंडीच्या गोदामात कामाला आहे, वय तेवीस. आधी त्याने एक रील पाठवलं. हिरवं कुरण, मधून नदी, मागे बर्फाची भिंत. हम्पता पास. मग फोन.

"ताई, हाच करायचा. नवीन लोकांसाठी सोपा आहे म्हणतात."

"पहिल्या रात्री कुठे झोपणार?"

"टेंटमध्ये."

"अरे, किती उंचीवर?"

ते त्याला माहीत नव्हतं, आणि त्यात त्याचा दोष नाही. ट्रेकची कुठलीही जाहिरात उघडा, मोठ्या अक्षरात सर्वोच्च उंची दिसते. अमुक पास, चौदा हजार फूट. लोक तोच आकडा बघून ट्रेक सोपा की अवघड ठरवतात. खरं तर पहिला ट्रेक निवडताना तो आकडा दुय्यम आहे. खिंडीत किंवा शिखरावर तुम्ही अर्धा तास असता, फोटो काढता आणि उतरायला लागता. ज्या उंचीवर तुम्ही सात-आठ तास झोपता ती उंची शरीराचा हिशोब घेते. म्हणून मी त्याला एवढंच सांगितलं, की एका कागदावर प्रत्येक रात्रीचा मुक्काम लिही आणि त्यापुढे त्याची उंची. मग बोलू.

झोपेचा आणि उंचीचा संबंध काय, हे त्याला समजावायला मला बराच वेळ लागला. वर गेलं की हवेतला ऑक्सिजन कमी होतो असं आपण म्हणतो, पण प्रमाण तेच राहतं, एकवीस टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. साडेतीन हजार मीटरवर दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात एक तृतीयांश माल कमी. शरीर यावर पहिला उपाय करतं तो जोरात श्वास घेण्याचा. पण जोरात श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्ताची आम्लता कमी होते आणि मेंदू म्हणतो, पुरे, श्वास कमी कर. एकाच वेळी ॲक्सिलरेटर आणि ब्रेक. हा ब्रेक सोडवायचं काम मूत्रपिंडं करतात. ती रक्तातला जास्तीचा क्षार लघवीवाटे बाहेर टाकतात आणि मग मेंदू पुन्हा मोकळा श्वास घेऊ देतो. उंचीवर गेल्यावर पहिले दोन दिवस वारंवार लघवीला लागणं हे चांगलं लक्षण मानतात ते त्यामुळे. पण हे काम घाईत होत नाही, त्याला दोन-तीन दिवस लागतात.

जागेपणी तुम्ही धापा टाकून वेळ मारून नेता. झोपेत तो ताबा राहत नाही. श्वास भरभर, मग मंद, मग काही सेकंद बंदच, मग दचकून पुन्हा भरभर, असं रात्रभर चालतं आणि रक्तातला ऑक्सिजन दिवसापेक्षा खाली जातो. म्हणून उंचीचा त्रास बऱ्याचदा पहिल्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतो. डॉक्टर जे नियम सांगतात तेही झोपण्याच्या उंचीबद्दलच आहेत. सखल भागातून निघून पहिलीच रात्र २,७५० मीटरच्या वर काढू नये. ३,००० च्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एकाच जागी दोन रात्री काढाव्यात. दिवसा त्याहून वर जाऊन खाली झोपायला आलात तर हरकत नाही, उलट बरंच.

दोन दिवसांनी त्याचा कागद आला. हम्पता: मनाली सुमारे २,०५०, दुसरी रात्र चिका ३,१००, तिसरी बालू का घेरा ३,६००, मग ४,२७० ची खिंड ओलांडून चौथी रात्र शिया गोरूला ३,९०० च्या आसपास. आकडे समोर आल्यावर त्यालाच दिसलं. मनालीहून चिकापर्यंत एकदम हजार मीटरची उडी, कारण बरीचशी चढण गाडीनेच होते. त्याआधी कल्याणहून दिल्ली आणि रात्रभराची बस, म्हणजे मनालीची रात्रही अर्धवट झोपेची. त्यानंतरच्या दोन्ही रात्री आणखी वर.

मला याहून खटकत होतं ते वेगळंच. शिया गोरूला रात्री कुणाला त्रास झाला तर उतरायचं कुठे? उंचीच्या त्रासावर खात्रीचं औषध एकच, खाली जाणं. तिथून मागे फिरायचं तर आधी ४,२७० ची खिंड पुन्हा चढावी लागते. पुढे छत्रूकडे उतार आहे, पण ती काही तासांची चाल आणि थंडगार पाण्यातून जाणं. खिंड ओलांडायच्या ट्रेकमध्ये ही गोष्ट असतेच, सर्वांत उंच मुक्काम बहुधा अशा जागी पडतो की परतीची वाट डोंगरापलीकडे राहते. दुसऱ्या-तिसऱ्या ट्रेकला हे चालतं, कारण तोवर आपलं शरीर उंचीवर कसं वागतं हे आपल्याला कळलेलं असतं. पहिल्यांदा जाणाऱ्याला तेच तर माहीत नसतं. ते कळायला रक्ताची तपासणी नाही की फिटनेसची. प्रत्यक्ष जाऊनच कळतं. त्यामुळे पहिला ट्रेक असा हवा, की शरीराने नाही म्हटलं तर दोन तासांत पाचशे-सहाशे मीटर खाली येता यावं, आणि तेही आलेल्याच वाटेने.

"पण ताई, मी माहुली दीड तासात मारतो."

हे मला येणार हे माहीत होतं. आपल्याकडच्या प्रत्येक दमदार पोराचं हेच उत्तर असतं. माहुलीची चढाई सोपी नाही, पायथ्याच्या गावातून सहाशे-सातशे मीटर सरळ अंगावर येते. पण माथ्याची उंची साडेआठशे मीटरच्या आसपास. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे सांक्रीसारख्या हिमालयातल्या पायथ्याच्या गावापेक्षाही कमी. सह्याद्री पाय देतो, छाती देतो, उन्हात न कुरकुरता चालायची सवय देतो. विरळ हवेची सवय तो देऊ शकत नाही, कारण ती हवाच इथे नाही. आणि दमदार माणसाला उंचीचा त्रास कमी होतो असंही नाही. उलट तो भरभर चढतो, मुक्कामाला सगळ्यांच्या आधी पोचतो, अंगावर जास्त ताण घेतो. दीड तासात माहुली मारणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते.

मग फिटनेस कशाला हवा? कारण थकलेल्या माणसाचं डोकं दुखतं ते थकव्याने, पाणी कमी पडल्याने, की उंचीने, हे कुणालाच सांगता येत नाही. तयारी चांगली असली की निदान एक कारण वजा होतं. त्यात हिमालयात एक मोठा दिवस नसतो, लागोपाठ चार-पाच दिवस असतात. त्याच्यासाठी म्हणून मी वेळेची परीक्षा रद्द केली आणि दुसरी ठेवली. पाठीवर सात-आठ किलोची सॅक घेऊन शनिवारी माहुली, रविवारी पुन्हा माहुली, आणि चढताना सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटलं की वेग कमी. पहिल्यांदा रविवारी उतरताना त्याच्या मांड्या थरथरायला लागल्या आणि तो शिडीजवळ बसून राहिला. चढण सगळे मोजतात, पण हिमालयात बर्फावरून हजार मीटर उतरताना गुडघ्यावरचे स्नायूच बोलतात. मग त्याने गोदामात लिफ्ट सोडली आणि मालाच्या जिन्याने उतरायची सवय लावली.

राहिला ऋतू. हिमालयाचा ऋतू बघायच्या आधी आपला बघावा लागतो. मामाची भातशेती आहे. जुलै म्हणजे आवणी, त्यावेळी घरातला तरणा हात डोंगरात जातो म्हटलं तर मामी बोलणार. दिवाळीच्या पुढेमागे कापणी, झोडणी. हम्पताचा मोसम जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, म्हणजे नेमका आमच्या चिखलाचा. त्याच काळात व्हॅली ऑफ फ्लॉवर्सही असतं. पहिल्या ट्रेकसाठी ते मला आवडतं, कारण घांघरियाला ३,०५० मीटरवर खोलीत दोन-तीन रात्री एकाच उंचीवर काढता येतात, आणि ४,३०० मीटरच्या हेमकुंडला जाऊन त्याच दिवशी खाली यावंच लागतं, तिथे रात्री राहू देत नाहीत. वर जा, खाली झोप, हा नियम तिथे आपोआप पाळला जातो. पण पावसात बद्रीनाथच्या रस्त्यावर दरडी कोसळतात आणि दोन-दोन दिवस अडकायला होतं. मोजून आठ दिवसांची रजा असलेल्या माणसाला हा जुगार परवडत नाही.

मध्येच एका मित्राने त्याला लेहचं विमान सुचवलं. मुंबईहून सकाळी उडायचं आणि दुपारी ३,५०० मीटरवर. तिथे उतरून दोन पूर्ण दिवस काही न करता पडून राहायची तयारी असेल तर जाता येतं. माझ्या भावाला बसायला सांगितलेलं मी अजून पाहिलेलं नाही. लेह बाद.

उरलं केदारकांठा. उत्तराखंडात, डेहराडूनहून दिवसभराचा गाडीप्रवास करून सांक्री. मुक्कामांचा कागद असा: सांक्री १,९५० मीटर, जुडा का तालाब २,७७० च्या आसपास, बेस कॅम्प ३,४०० च्या थोडं वर, पहाटे ३,८०० मीटरचं शिखर आणि त्याच दिवशी पुन्हा २,७०० च्या जवळ खाली. तालाबापासून बेस कॅम्पची उडी नियमापेक्षा थोडी मोठी आहे, हे खरं. पण ३,००० च्या वरची रात्र एकच, आणि त्या कॅम्पवरून खाली यायला मळलेली वाट, दोनेक तासांत तालाब. त्रास झाला तर परत फिरायला कुठलीही खिंड आडवी नाही.

बहुतेक लोक केदारकांठा डिसेंबरच्या शेवटी करतात, नाताळच्या सुट्टीत. तेव्हा शिखराच्या वाटेवर रांग लागते आणि रांगेत उभं राहून बोटं गोठतात. जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ खोल आणि रात्री उणे दहाच्या खाली. उंबरमाळीच्या माणसाने गारठा म्हणजे शेकोटीपुरता पाहिलेला. थंडीत तहान लागत नाही, पाणी कमी प्यायलं जातं, तंबूबाहेर जायच्या कंटाळ्याने लोक मुद्दाम कमी पितात आणि डोकं धरतं. आम्ही मार्चचा शेवटचा आठवडा घेतला. वर बर्फ असतो, दिवस मोठा झालेला असतो, गर्दी ओसरलेली असते, आणि शेतातही त्या दिवसांत काम नसतं. एक त्रास असा, की दुपारी बर्फ मऊ पडतो आणि पाय गुडघ्यापर्यंत रुततो. म्हणून पहाटे लवकर निघून दुपारच्या आत उतरायचं.

जायच्या आधी त्याला आमच्या डॉक्टरांकडे नेलं. दमा, हृदयाचा त्रास, रक्तदाब असं काही नाही ना ते पाहायला, आणि डायमॉक्सचं विचारायला. ती गोळी मूत्रपिंडांचं तेच क्षार बाहेर टाकायचं काम लवकर सुरू करून देते, म्हणून उपयोगी पडते. पण सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असलेल्यांना ती चालेलच असं नाही, म्हणून डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायची नाही. डॉक्टर म्हणाले, या ट्रेकला गरज दिसत नाही, मुक्काम नीट ठेवा. तालाबाला पोचल्यावर संध्याकाळी गाइडने सगळ्यांना शंभर-दीडशे मीटर वर फिरवून आणलं आणि पुन्हा खाली आणून झोपवलं. भाऊ म्हणाला, वर गेलो ते खाली यायला? हो.

दुसऱ्या दिवशी बेस कॅम्पवर आमच्या तुकडीतला एक मुलगा सगळ्यांच्या आधी, अकरालाच पोचला. अर्धमॅरेथॉन धावणारा, अंगावर चरबी शोधून सापडणार नाही. आम्ही दोघं एक वाजता, बोलत बोलत. चारच्या सुमाराला त्या मुलाने डोकं धरलं. सूप नको म्हणाला. पाच वाजता उलटी झाली. गाइडने त्याला बर्फात आखलेल्या सरळ रेषेवर टाचेला पंजा लावून चालायला सांगितलं. तो नीट चालला. हे महत्त्वाचं होतं. तोल जात असता, बोलणं असंबद्ध झालं असतं, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला येत असता, तर मेंदूत किंवा फुप्फुसात पाणी भरायला लागल्याची ती खूण, आणि मग रात्र असो की वादळ, क्षणभर न थांबता उतरवावं लागतं. त्याला तसं नव्हतं. पण डोकं दुखणं, भूक नसणं आणि उलटी एकत्र आल्यावर वर जायचं नाही, आणि वाढत असेल तर तिथे झोपायचंही नाही.

तो चिडला. दोन गोळ्या द्या, पहाटेपर्यंत ठीक होईन, म्हणाला. पैसे भरलेत, पुन्हा रजा मिळणार नाही, हेही म्हणाला. खरंच होतं ते. गाइड शांतपणे म्हणाला की डोकं दुखायची गोळी दुखणं थांबवते, आजार थांबवत नाही, आणि आता उजेड आहे, दोन तासांनी नसेल. साडेपाचला एक सहायक त्याची सॅक उचलून त्याला तालाबाकडे घेऊन गेला. जाताना त्याने मागे वळून शिखराकडे पाहिलं. तंबूत बराच वेळ कुणी बोललं नाही.

त्या संध्याकाळी माझ्या भावाचंही डोकं जड होतं. त्याने लगेच सांगितलं नाही. मी डब्यात पाहिलं तर खिचडी अर्धी उरलेली. तेव्हा म्हणाला, थोडंसं दुखतंय. अर्धा लिटर कोमट पाणी, थोडं मीठ-साखर, टोपी कानावर आणि तासभर बसून राहणं, आडवं व्हायचं नाही. नऊ वाजता उरलेली खिचडी मागून घेतली त्याने. भूक परत येणं ही मला सगळ्यात विश्वासाची खूण वाटते, ऑक्सिमीटरच्या आकड्यापेक्षाही. तो आकडा गारठलेल्या बोटावर काहीही दाखवतो.

अडीचला उठल्यावर मी चार प्रश्न विचारले. डोकं? नाही. खाल्लंस? खाल्लं. लघवी? दोनदा, स्वच्छ. चालून दाखव. चालला. मग निघालो. बुटांना लोखंडी काटे बांधून, समोरच्याच्या टाचेवर नजर ठेवून, तीस पावलं आणि थांबा, तीस पावलं आणि थांबा. माहुलीवर पळणारा माझा भाऊ मुंगीच्या चालीने चालला आणि एकदाही कुरकुरला नाही. वर पोचलो तेव्हा सूर्य नुकताच आला होता. स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ, काळा नाग, सगळे गुलाबी. तो काहीच बोलला नाही. रील काढायचंही राहून गेलं. वीस मिनिटांनी गाइडने हाकलायला सुरुवात केली.

दुपारी खालच्या कॅम्पवर तो धावपटू भेटला. आदल्या रात्री तालाबाला पोचून तासाभरातच डोकं उतरलं होतं. सकाळी चार पराठे खाल्ले म्हणाला, अजूनही थोडा रुसलेला होता. आमच्याकडून शिखराचे फोटो मागून घेतले त्याने आणि बराच वेळ मोठे करून करून पाहत बसला.

आता भावाला हम्पता करायचाच आहे, आणि या वेळी मी नको म्हटलेलं नाही. आवणी जुलैअखेर उरकली तर ऑगस्टच्या शेवटी, पाऊस थोडा कमी झाल्यावर. त्याने स्वतःच नवा कागद पाठवला आहे. मनालीत एक रात्र, मग वर सेठन गावात २,७०० मीटरवर एक रात्र जास्तीची, मग चिका. हजारची उडी फुटून सहाशे-साडेसहाशे आणि चारशे झाली. रजेचा एक दिवस वाढतो. तो कुठून काढायचा यावर गोदामातल्या सुपरवायझरशी बोलणी चालू आहेत.